'चक्कर' : एका कथेतला हिशेब तपासताना

'चक्कर' ही एका नव्या कथाकाराची बारा पानांची कथा हस्तलिखिताच्या रूपात आमच्या वाचनात आली. ती अजून छापून आलेली नसल्यामुळे कथाकाराचे नाव आम्ही येथे घेत नाही. कथानक एका वाक्यात सांगता येईल. भिवंडीबाहेरच्या एका गोदामावर रात्रपाळी करणारा पन्नाशीतला रखवालदार एका रात्री ठरवतो की आपण रोज रात्री किती चालतो हे एकदा नीट मोजून काढायचे, आणि पुढच्या काही रात्रींत ते मोजून काढतो. चोरी होत नाही, खून होत नाही, आग लागत नाही. बारा पाने केवळ एका गुणाकारावर उभी आहेत.

अशा कथेचे परीक्षण करताना भाषा, वातावरण, व्यक्तिरेखा यांवर चार चांगले शब्द लिहून मोकळे होणे सोपे असते. आम्ही पेशाने शिक्षक आहोत आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत गणिताच्या वह्या तपासण्यात आमचे दिवस जातात, म्हणून आम्ही वेगळी वाट धरली. कथेतला हिशेब आम्ही कागदावर मांडला आणि पायरीपायरीने तपासला. ही कथा जेथे हिशेबाशी प्रामाणिक राहते तेथे ती उत्तम झाली आहे, आणि जेथे हिशेब सोडून अलंकाराकडे वळते तेथे तिचा तोल गेला आहे, असे आमचे मत झाले. वाचकांपुढे तेच मांडायचे आहे.

प्रथम माणूस. कथेत त्याला नाव नाही. ट्रकवाले, हमाल, सुपरवायझर सगळे त्याला 'चाचा' म्हणतात. मूळचा मालेगावचा, तरुणपणी भिवंडीत आला आणि पंचवीस वर्षे यंत्रमागावर उभा राहिला. पुढे कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले. भिवंडीत हे अनेकांच्या डोळ्यांदेखत घडले आहे. धोट्याचे जुने माग तोडून लोखंडाच्या भावाने विकले गेले आणि नाशिक महामार्गाच्या बाजूने गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. चाचा एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत गेला, एवढेच.

ही पार्श्वभूमी कथाकाराने दोन परिच्छेदांत उरकली आहे, परंतु सगळी कथा तिच्यावरच उभी आहे. यंत्रमागावरच्या कामगाराला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाच्या मापाने. तागा उतरला की मीटरच्या घड्या घालून कापड मोजतात. दोष निघाला तर तेवढे कापले जाते. आठवड्याचा पगार म्हणजे मीटरांची बेरीज. पंचवीस वर्षे ज्याचा प्रत्येक दिवस मीटरमध्ये मोजला गेला, त्याला आता महिन्याचे ठरीव ९,००० रुपये मिळतात आणि रात्रभर त्याने काय केले ते मोजणारी एकही घडी कोठे पडत नाही. कथेत एके ठिकाणी चाचा स्वतःशी म्हणतो, "कुछ तो बना होगा रात भर में." रात्रभरात काहीतरी तयार झाले असेलच की! विणकराचाच हा प्रश्न. 'हा माणूस पावले का मोजतो?' असे जो वाचक विचारील, त्याला कथाकाराने या एका वाक्यात उत्तर दिले आहे. चाचाला छंद जडलेला नाही किंवा त्याचे डोकेही फिरलेले नाही. त्याला आपला तागा मोजून हवा आहे.

आता मोजणीकडे वळू. चाचाची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ. फेऱ्या दहा वाजता सुरू होतात आणि पाच वाजता संपतात, दर तासाला एक, म्हणजे आठ फेऱ्या. भिंतीच्या आतल्या बाजूने, चारही कोपरे घेऊन, पुन्हा फाटकाशी. वाटेत आठ ठिकाणी भिंतीवर बिल्ले बसवलेले आहेत. हातातले लहान यंत्र प्रत्येक बिल्ल्याला टेकवायचे, की यंत्रात वेळ नोंदली जाते. सकाळी सुपरवायझर ते यंत्र संगणकाला जोडून पाहतो. कोणत्या बिल्ल्यापाशी चाचा किती वाजता होता हे मालकाला मिनिटापर्यंत कळते. दोन बिल्ल्यांमध्ये तो किती चालला हे यंत्र सांगत नाही, कारण ते त्याला कोणी विचारलेलेच नाही. कथाकाराने यावर एक शब्दाचेही भाष्य केलेले नाही, हे त्याच्या समंजसपणाचे लक्षण आम्ही मानतो.

पहिल्या रात्री मोजणी फसते. चाचा मनात पावले मोजत निघतो, कुत्रे भुंकते, आणि आकडा निसटतो. दुसऱ्या रात्री तो घरून चिंचोके आणतो. वजिफा पढताना मोजायला बायकोने धुऊन ठेवलेल्या पिशवीतले हे मूठभर चिंचोके. दर शंभर पावलांना एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. आता मध्ये कुत्रे भुंकले तरी फार तर शंभरातला हिशेब बिघडेल, मागची शेकडे सुरक्षित राहतील. तीन रात्री तो पहिली फेरी अशी मोजतो आणि तीन आकडे येतात : १,१४३, १,१५८ आणि १,१४९. तिन्हींची बेरीज ३,४५०, तिघांत वाटली की १,१५०. 'सरासरी' हा शब्द चाचाला ठाऊक नाही. तो म्हणतो, "तीनों को बराबर कर दिया." वर्गात सरासरी शिकवताना यापेक्षा चांगली व्याख्या आम्हाला आजवर सापडलेली नाही.

मग पावलाची लांबी. चाचा फाटकाजवळच्या सिमेंटवर ओल्या चपलांनी दहा पावले टाकतो आणि पहिल्या ठशापासून शेवटच्यापर्यंत शिंप्याच्या फीतीने मोजतो. भरतात ७ मीटर. म्हणजे एक पाऊल ७० सेंटिमीटर. १,१५० पावलांचे झाले ८०५ मीटर आणि आठ फेऱ्यांचे ६,४४० मीटर. चाचा खूश होतो, केबिनमधल्या जुन्या चलनाच्या पाठीवर तो आकडा लिहून ठेवतो आणि घरी जाऊन झोपतो.

येथेच कथा संपवणारे लेखक आम्ही पाहिले आहेत. या कथाकाराने मात्र पुढच्या रात्री चाचाच्या मनात शंका घातली आहे, आणि ती शंका अस्सल आहे. आपण मोजमाप देतो आहोत हे माहीत असताना माणूस पाऊल लांब टाकतो. सातवीच्या मुलांना मैदानावर आपापल्या पावलाची लांबी काढायला सांगितली की हाच प्रकार होतो. खडूच्या रेघेपाशी आले की प्रत्येक जण सैनिकासारखा चालू लागतो. त्यावर उपाय एकच. आधीच माहीत असलेल्या लांबीचा रस्ता नेहमीसारखा चालू द्यायचा, पावले मोजायची आणि लांबीला पावलांनी भागायचे. चाचा नेमके हेच करतो. एका शेडची लांबी दोनशे फूट आहे हे त्याला पत्रे बसवणाऱ्या ठेकेदाराकडून कळलेले असते. दोनशे फूट म्हणजे साधारण ६१ मीटर. तो नेहमीच्या चालीने, हातात काठी आणि बॅटरी घेऊन, शेडच्या कडेने जातो. पावले भरतात ९८. भागाकार केल्यावर पाऊल येते ६२ सेंटिमीटरचे.

मग सगळा हिशेब नव्याने. फेरी ८०५ मीटरची नव्हती, ७१३ मीटरची होती. आठ फेऱ्यांचे झाले ५,७०४ मीटर. आधीच्या आकड्यातून ७३६ मीटर उडाले. कथेतला हा आम्हाला सर्वांत आवडलेला प्रसंग. चाचा चलनावरचा जुना आकडा खोडतो आणि बराच वेळ नुसता बसून राहतो. त्याला वाटते, मुकादमाने तागा उलगडून दोष दाखवला आणि मीटर कापून घेतले. या वेळी मुकादमही तोच आहे आणि विणकरही तोच. त्याला खोटे ठरवणारे दुसरे कोणी नव्हते, ६,४४० हा आकडा त्याने तसाच ठेवला असता तर कोणाचेही काही बिघडत नव्हते, तरी त्याने स्वतःच्या हाताने तो कापला. किरदार उभा करण्यासाठी कथाकाराला याहून जास्त काही करण्याची गरज नव्हती. चाचा प्रामाणिक आहे असे कथेत कोठेही लिहिलेले नाही, ते वजाबाकीतून दिसते.

काही वाचक म्हणतील की आजकाल पावले मोबाईल मोजतो, एवढा खटाटोप कशाला? कथाकाराने ही शंकाही घेतली आहे. जोडीचा तरुण रखवालदार आपला मोबाईल एका रात्रीपुरता चाचाच्या खिशात टाकतो. सकाळी मोबाईल आठ फेऱ्यांची ८,६०० पावले दाखवतो. चाचाच्या हिशेबाने ती किमान ९,२०० हवीत. असे होऊ शकते. मोबाईल पाऊल पाहत नाही, अंगाला बसणारा हेलकावा मोजतो. काठी टेकत, थांबत, कुलपावर उजेड टाकत चालणाऱ्याची कितीतरी पावले त्याच्या लेखी पडतच नाहीत. आणि पावलांवरून अंतर सांगताना तो बहुधा मालकाच्या उंचीवरून पावलाची लांबी धरतो. मोबाईल तरुणाचा, उंची तरुणाची, पाय मात्र चाचाचे. चाचा यंत्र परत देताना म्हणतो, "ये मेरे पाँव को नहीं जानता." संवाद थोडा नाटकी आहे, पण त्यातली हकीकत खरी आहे.

येथवर आम्ही कथेचे कौतुक केले. आता जेथे कथाकाराचा हिशेब चुकला आहे त्या जागेकडे येऊ. ही चूक बारीक वाटेल, परंतु आमच्या मते तिच्यामुळे कथेने आपल्या हातातली सर्वांत मोलाची गोष्ट गमावली आहे.

नवव्या पानावर चाचा एका रात्री शेवटची, पहाटे पाचची फेरी मोजतो. पावले भरतात १,२१०. पहिल्या फेरीपेक्षा साठ जास्त. चाचा १,२१० ला ६२ ने गुणतो, उत्तर येते ७५० मीटर, आणि त्याला आनंद होतो की कापल्या गेलेल्या ७३६ मीटरांतले ३७ परत मिळाले. पुढच्या पानापासून कथा पुन्हा ५,७०४ वरच येते आणि या ३७ मीटरांचे नावही निघत नाही.

वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे. भिंत तीच आहे. फाटक तेच, कोपरे तेच, पायाखाली मळलेली वाट तीच. पहाटे पाच वाजता भिंत ३७ मीटरांनी लांब कशी होईल? अंतर ७१३ मीटरच आहे. पावले वाढली याचा अर्थ पाऊल लहान झाले. ७१३ मीटरांना १,२१० ने भागले की पाऊल येते ५९ सेंटिमीटरचे. रात्री दहाला ६२ आणि पहाटे पाचला ५९. मधले तीन सेंटिमीटर म्हणजे सात तासांची थकावट.

थकव्याचे वर्णन करताना कथाकार किती शब्द वापरतात! पाय शिशाचे होतात, अंग मोडून येते, डोळ्यांत वाळू जाते. येथे थकवा तीन बोटांच्याही आत बसणाऱ्या मापात, फीत लावून दाखवता येईल असा, कथाकाराच्या समोर पडलेला होता. आणि त्याने त्याचा नफा करून टाकला. सत्तेचाळीस ओळींनंतर तो चाचाच्या थकव्यावर अर्धे पान लिहितो आणि त्यात शिसेही आहे, वाळूही आहे. तीन सेंटिमीटर मात्र नाहीत.

कोणी म्हणेल, ही चूक चाचाची आहे, लेखकाची नाही. कमी शिकलेला माणूस असा चुकूच शकतो. आम्ही त्या बाजूनेही विचार केला. परंतु ज्या माणसाने ओल्या चपलांचे ठसे खोटे ठरवले आणि ९८ पावलांनी ६१ मीटरांना भागले, त्याला पायाखालची भिंत तीच आहे हे कळणार नाही हे पटत नाही. आणि चूक चाचाची म्हणून दाखवायची असती, तर कथेत कोठेतरी त्याची चाहूल लागायला हवी होती. तशी ती लागत नाही. निवेदन चाचाइतकेच खूश आहे. यावरून आम्ही म्हणतो की गुणाकार लेखकाने केला आणि भागाकार करायचा राहिला.

दुसरी उणीव भाषेची आहे. कथेचे निवेदन मराठीत आहे, संवाद भिवंडीच्या बोलीत आहेत आणि हा मेळ चांगला साधला आहे. परंतु चाचा मनात पावले मोजतो तेव्हा कधी 'एकोणसत्तर, सत्तर' मोजतो, तर कधी 'उनहत्तर, सत्तर'. माणूस बाजारात एक भाषा बोलतो, कचेरीत दुसरी, पण आकडे सहसा पहिल्या भाषेतच मोजतो. आमच्या शाळेतली मुले मराठी सफाईने बोलतात, मराठीत भांडतातही, परंतु पाढा म्हणायचा झाला की तो उर्दूतच येतो. मालेगावचा चाचा अंधारात, एकटा, ओठांतल्या ओठांत मराठी आकडे मोजणार नाही. हा केवळ शुद्धतेचा मुद्दा नाही. पहिल्या रात्री कुत्रे भुंकल्यावर चाचा जेथे अडखळतो तो आकडा उर्दूत ठेवला असता, तर अडखळण्याचे कारण भाषेतूनच मिळाले असते. 'उनासी' आणि 'नवासी' यांत घोटाळा न केलेले मूल आम्ही अद्याप पाहिलेले नाही. एकदा एकोणऐंशीचे एकोणनव्वद झाले की दहा पावले गिळली जातात. कथाकाराकडे ही सामग्री होती, आणि त्याने बिचाऱ्या कुत्र्याकडून काम करून घेतले.

यानंतर कथा पैशाकडे वळते. महिन्याचे ९,००० म्हणजे रात्रीचे ३०० रुपये. ५,७०४ मीटरांत वाटले तर मीटरला सव्वापाच पैसे पडतात. चाचा हा भाव काढतो आणि मागावरच्या मीटरशी त्याची तुलना करू पाहतो. मागावर त्याला मीटरला काय मिळत असे हे कथाकाराने सांगितलेले नाही, आणि ते बरे केले. दोन आकडे शेजारी ठेवले असते तर कथा गाऱ्हाणे झाली असती. चाचा फक्त एवढे म्हणतो की कापडाचा मीटर दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी अंगावर जातो, हा मीटर पायाखालीच राहतो.

पण या भावाकडे जरा निराळ्या बाजूने पाहायला हवे. एक फेरी बिल्ले टेकवत, कुलपे पाहत केली तर वीस मिनिटांची होते. आठ फेऱ्यांना दोन तास चाळीस मिनिटे. पाळी बारा तासांची. उरलेले नऊ तास वीस मिनिटे चाचा फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असतो. मालक ३०० रुपये चालण्याचे देत नाही, जागे राहण्याचे देतो. चाचाने मोजले ते मोजता येण्यासारखे होते म्हणून. खुर्चीवरच्या नऊ तासांना पावले नाहीत, चिंचोके नाहीत, फीत नाही. कथेत हे नऊ तास जवळजवळ आलेलेच नाहीत. प्रत्येक फेरीनंतर लेखक पुढच्या तासावर उडी मारतो.

येथे आम्हाला प्रेमचंदांची 'पूस की रात' आठवते. १९३० सालची ही कथाही रात्रीच्या राखणीचीच आहे. कांबळ्यासाठी जमवलेले तीन रुपये हल्कू सावकाराच्या हवाली करतो आणि पौषाच्या थंडीत जबरा कुत्र्याला कवटाळून शेताची राखण करतो. तो फेऱ्या घालत नाही. शेत नीलगाई चरत आहेत हे कळूनही शेकोटीच्या उबेतून उठू शकत नाही. प्रेमचंदांनी रखवालीतला बसण्याचा भाग लिहिला, 'चक्कर'ने चालण्याचा. चाचाच्या खुर्चीवर कथाकार एखादे पान जरी थांबला असता, तर ५,७०४ हा आकडा केवढ्या मोठ्या शांततेत वसलेला आहे हे दिसले असते.

चालण्याच्या हिशेबावरची जगातली सर्वांत प्रसिद्ध कथा टॉलस्टॉयची आहे, १८८६ सालची. तिच्यात पाखोम नावाच्या शेतकऱ्याला बाश्कीर लोक सांगतात की एका दिवसाचा भाव हजार रूबल. सूर्योदयाला निघायचे, जेवढ्या जमिनीला पायी वेढा घालशील तेवढी तुझी, मात्र सूर्यास्तापूर्वी निघालेल्या जागी परत यायला हवे. पाखोम हावरेपणाने लांब जातो, धावत परत येतो आणि मरतो. त्याला लागते ती फक्त कबरीपुरती जमीन.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. चाचाही रात्री आठ वेळा जमिनीला वेढा घालून निघालेल्या जागी परत येतो. कथेतच दिले आहे की लांब भिंत ३२३ पावलांची आणि आखूड भिंत २५२ पावलांची. म्हणजे साधारण २०० मीटर आणि १५६ मीटर. आत जमीन झाली पावणेआठ एकरांच्या जवळपास. पाखोमच्या अटीने पाहिले तर चाचा रोज रात्री आठ वेळा पावणेआठ एकर जिंकतो, आणि त्यातली फक्त एक खुर्ची त्याची असते, तीही सकाळी आठपर्यंत. 'चक्कर' लिहिताना कथाकाराच्या मनात टॉलस्टॉय होता की नाही याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. वेढ्याचे चित्र त्याच्या आकड्यांत आपोआप उतरले आहे, आणि त्याने ते बोलून दाखवले नाही यात कथेचा फायदाच झाला.

मग शेवट. अकराव्या पानावर सुपरवायझरच्या नजरेला ते चलन पडते. तो विचारतो, हे काय? चाचा सांगतो, रात्रीचे चालणे. सुपरवायझर हसून म्हणतो, "तो क्या हुआ इससे?" चाचा उत्तर देतो, "कुछ नहीं साहब. मालूम रहना चाहिए."

आमच्या मते कथा येथे संपते. या उत्तरात तक्रार नाही, मागणी नाही, लाचारीही नाही. ज्याच्या कामाला आता कोणी माप लावत नाही, त्याने स्वतःच्या कामाचे माप स्वतःजवळ ठेवले. पुढे काहीही लिहिण्याची गरज नव्हती.

परंतु बारावे पान आहे. त्यात चाचा पुन्हा पेन्सिल उचलतो. मालेगाव अडीचशे किलोमीटर. रोजचे ५,७०४ मीटर. भागाकार केला की चव्वेचाळीस रात्री. चव्वेचाळीस रात्रींत आपण चालत घरी पोहोचलो असतो, असे त्याच्या मनात येते, आणि पहाटेच्या वाऱ्यात त्याला मौसम नदीचा वास येतो. कथा तेथे संपते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे अशी ही योजना आहे, आणि अनेकांच्या ते येईलही.

आमची हरकत अशी. नववीच्या विज्ञानात मुलांना अंतर आणि विस्थापन यांतला फरक शिकवतात. निघालेल्या जागीच परत आलात तर अंतर कितीही असो, विस्थापन शून्य. चाचाची प्रत्येक फेरी अशीच आहे. चव्वेचाळीस रात्री काय, चव्वेचाळीस वर्षे चालला तरी तो फाटकापाशीच असणार. हे चाचाला कोणी शिकवण्याची गरज नाही, त्याचे पाय ते जाणतात. कथेचे नाव 'चक्कर' ठेवणाऱ्या लेखकाने शेवटच्या पानावर चक्कर उलगडून सरळ दोरी केली आणि तिचे टोक मालेगावला बांधले. ज्या माणसाने ७३६ मीटरांचे खोटे स्वतःला खपवून दिले नाही, त्याच्याकडून शेवटी अडीचशे किलोमीटरांचे खपवून घेतले.

दुसरे असे की विस्थापनाचा मराठीत आणखी एक अर्थ आहे, आणि चाचाच्या आयुष्यात तो आधीच घडून गेलेला आहे. मालेगाव सुटले, माग सुटला. ते दोन परिच्छेद कथेच्या सुरुवातीला आहेत आणि वाचक ते विसरलेला नाही. फेरीचे विस्थापन शून्य आणि माणसाचे एवढे मोठे, ही गोष्ट कथेत न बोलता उभी होती. नदीचा वास आणून लेखकाने ती झाकली.

कथाकाराला आमची सूचना सरळ आहे. बारावे पान काढून टाकावे. नवव्या पानावर गुणाकाराच्या जागी भागाकार ठेवावा आणि चाचाला ते तीन सेंटिमीटर सापडू द्यावेत. आकडे सगळे उर्दूत मोजू द्यावेत. आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये एकदा तरी खुर्चीवर बसावे. एवढे झाले तर 'चक्कर' अकरा पानांची होईल आणि आजच्यापेक्षा भरीव होईल. आजच्या रूपातही ती छापली जावी, असेच आम्ही म्हणू. आकडे मांडून वाचकाला तपासू देणारी कथा क्वचित हाती येते, आणि तपासल्यावर बहुतेक हिशेब बरोबर निघणारी त्याहून क्वचित.